ई-एकवरची दाढ

डॉक्टर दातांचे उत्तम होते, गळ्याचे नव्हते.

दाताला ड्रिल लागलं की त्यांना गाणं सुचायचं. ड्रिलची घरघर हाच त्यांचा तानपुरा. ती पट्टी पकडून ते सुरू करत आणि मशीन बंद झाल्यावरच सोडत. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि डॉक्टरांची दोन बोटं असल्याने विरोध कोणी नोंदवू शकत नसे. मान हलली तर डॉक्टर तिला दाद समजत.

बाहेर काउंटरवर वहिनी बसायच्या. त्या डॉक्टरांच्या जुन्या मित्राची बायको, म्हणून डॉक्टर त्यांना वहिनी म्हणत. डॉक्टरांचं ऐकून पेशंट म्हणू लागले, पेशंटचं ऐकून खालचा पानवाला. नवऱ्याने अजून सुरुवात केली नव्हती, एवढीच जमेची बाजू. काम सुखाचं होतं, पगार वेळेवर होता आणि मध्ये जाड दार होतं. त्या दारामुळेच वहिनी इतकी वर्षं टिकल्या होत्या.

आता ते दार निकामी होणार होतं, आणि त्याला कारण बुद्धिबळ.

वेटिंग रूममध्ये सोफ्यापुढच्या बुटक्या टेबलावर पट मांडलेला असे. पांढऱ्या सोंगट्या पेशंटच्या, काळ्या डॉक्टरांच्या. आलेल्या पेशंटने आत जाण्याआधी एक चाल खेळायची. डॉक्टर पुढचं नाव पुकारायला बाहेर आले की उत्तराची चाल करत. एक डाव कधी आठवडाभर चाले, कधी महिना. सल्ला कोणाचाही घ्यायला मुभा होती. "आजीला विचारा, ज्योतिषाला विचारा," डॉक्टर उदारपणे सांगत. नियम फक्त दोन. चाल पेशंटच्याच हाताने व्हायची, आणि हात लावला की चालवायची. दुसऱ्या नियमावर त्यांचं फार प्रेम होतं. एका माणसाने राजावरची धूळ फुंकताना बोट लावलं, तर त्यांनी त्याला राजा हलवायला लावून मगच रूट कॅनल केलं.

डॉक्टर सलग नऊ डाव जिंकले होते. यात त्यांच्या बुद्धीपेक्षा पेशंटच्या दाढेचा वाटा मोठा होता. ठणकणारा जबडा धरून कोण दूरचा विचार करणार? दहाव्या डावाच्या आधी मात्र त्यांना ऊत आला.

"वहिनी, हा डाव पेशंट जिंकले, तर मी या दवाखान्यात पुन्हा कधी गाणार नाही."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही जिंकलात तर?"

"तर इथे स्पीकर. आत खुर्चीपाशी छोटा माईक. बाहेरचे बिचारे उगाच वंचित राहतात."

दुसऱ्याच दिवशी स्पीकर आला. इलेक्ट्रिशियन आला, त्याने वहिनींच्या डोक्यावरच्या भिंतीत दोन भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या आणि म्हणाला, "निकाल लागला की कळवा, पाच मिनिटांचं काम आहे." आपल्या डोक्यावर टांगती तलवार आहे असं लोक नुसतं म्हणतात. वहिनींना तिच्या खुंट्या दिसत होत्या.

आणि डाव बुडत होता. पेशंटनी एकामागोमाग एक प्यादी वाटून टाकली होती. एका सकाळी डॉक्टर बाहेर आले, वजिराने आणखी एक प्यादं मटकावलं, "वा, कुरकुरीत!" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला घेऊन आत गेले. दाराआड ड्रिल सुरू झालं. पाठोपाठ ते.

वहिनींनी मोबाइल काढला. त्यांची नणंद बुद्धिबळाचे क्लास घ्यायची. दिवसभर तिचे विद्यार्थी तिला पटाचे फोटो पाठवत आणि "ताई, आता काय खेळू?" विचारत. वहिनींनी खुर्चीतूनच फोटो काढला आणि पाठवला. लगेच फोन आला.

"वहिनीसाहेब, हा पटाचा फोटो आहे की मोर्चाचा?"

"का हो वन्सं, काय झालं?" चेष्टेला चेष्टा म्हणून वहिनी तिला वन्सं म्हणत. एरवी दोघी मैत्रिणीच होत्या.

"सगळे एकामागे एक उभे आहेत. इतकं खालून काढलंस की पुढच्याच्या आड मागचा दिसत नाही. या काळ्या वजिराच्या मागे दोन-तीन टकली दिसतायत. प्यादी आहेत, की उंट आहेत, की आणखी कोण? आणि तू बसलीयेस कुठे? तुझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर काळं आहे."

"मग? काळं नसतं का?"

"खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला कोपऱ्यात पांढरं घर हवं. काळं दिसतंय म्हणजे एकतर पट चुकीचा मांडलाय, नाहीतर तू बाजूने काढलायस."

"बाजूनेच. पेशंटचा सोफा माझ्या उजवीकडे, डॉक्टरांची बाजू डावीकडे."

"हे आधी सांगावं माणसाने! मी पांढऱ्याची प्यादी आडवी चालवत बसले असते. आता ऊठ, सोफ्याच्या बाजूने उभी राहा आणि थोडं वरून काढ. पण अगदी डोक्यावरून नको. वरून प्यादं काय, उंट काय, सगळे सारखेच गोल दिसतात."

वहिनी उठल्या. सोफ्यावर रिटायर्ड कंडक्टर आपल्या नंबराची वाट बघत होते. त्यांची खालची कवळी सैल झाली होती आणि बोलताना शब्दांच्या अर्धं पाऊल मागे राहत होती.

"काका, जरा पाय घ्या."

"पुढे सरकू का?" कंडक्टर सवयीने म्हणाले आणि मागे सरकले.

वहिनींनी उभं राहून, किंचित वाकून दुसरा फोटो काढला. या वेळी उजव्या कोपऱ्यात पांढरं घर आलं. नणंद म्हणाली, "शाब्बास. आता हा प्रोग्रॅमला देते. क्लासमध्ये घेतलाय नवा. फोटो दिला की कोण कुठे आहे त्याची यादी देतो. चाल कोणाची?"

"ते फोटोत दिसत नाही?"

"फोटोत पाळी कशी दिसेल, वहिनी? फोटो बघून कोणाची जेवणं झालीत ते कळतं का?"

"आपली चाल. ते आत्ताच खाऊन गेले."

थोड्याच वेळात यादी आली. नणंदेने फोनवर वाचूनही दाखवली. तिच्या आवाजात दुखवट्याला आल्यासारखी नरमाई होती.

"पांढरा राजा जी-एक. वजीर ए-चार. प्यादी एफ-दोन, जी-दोन, एच-दोन. बस. काळ्याचा राजा जी-आठ, हत्ती डी-आठ, वजीर बी-दोन, प्यादी ए-सात, एफ-सात, जी-सात, एच-सात आणि सी-तीन. वहिनी, एक अख्खा हत्ती आणि दोन प्यादी कमी आहेत तुमची. हा डाव नाही, ही मयत आहे."

"पण काहीतरी चाल असेलच ना?"

"आत्ता त्याचा वजीर पहिल्या ओळीत घुसला तर दोन चालींत मात आहे. राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलाय. तेव्हा एच-दोनचं प्यादं एक घर पुढे घ्या, एच-तीन. राजाला निदान खिडकी होईल. मरताना हवा लागेल."

वहिनींनी काउंटरवरच्या भिंतीतल्या खुंट्यांकडे पाहिलं. मग कंडक्टरांना म्हणाल्या, "काका, तुमची चाल आहे ना? या कडेचं प्यादं एक घर पुढे."

"बरं," म्हणून कंडक्टर वाकले. बोट प्याद्याच्या टोकापासून वीतभर अंतरावर आलं, आणि वहिनी ओरडल्या, "थांबा!"

कंडक्टर थांबले. कवळी जरा उशिराने थांबली.

वहिनींना काही सुचलं होतं असं नाही. ती निव्वळ सवय होती. डॉक्टर आतून दात सांगायचे, "वर उजवीकडे सहा, कीड, खाली डावीकडे पाच, नाही", वहिनी तक्त्यावर खुणा करायच्या आणि पेशंट उठायच्या आधी सगळं परत वाचून दाखवायच्या. एकदा त्यांनी वाचून दाखवलं नव्हतं, आणि डॉक्टर एका माणसाचा चांगला दात मोठ्या प्रेमाने काढायला निघाले होते. तेव्हापासून वाचून दाखवल्याशिवाय पक्कड उचलायची नाही, असा या घरचा कायदा होता.

"वन्सं, एकदा परत सांगा. मी पटावर बघते."

नणंदेने परत सांगितलं. पटाच्या कडेला छापलेली अक्षरं आणि आकडे बघत वहिनी प्रत्येकावर बोट फिरवत गेल्या, न टेकवता. राजा आहे. वजीर आहे. तीन प्यादी आहेत. काळ्याचे सगळेच्या सगळे, सुखात आहेत.

"ई-एक राहिलं तुमचं."

"ई-एक रिकामं आहे."

"रिकामं कसलं? दाढ आहे तिथे."

नणंद सावकाश म्हणाली, "ते पांढरं खडबडीत दिसतंय, ती दाढ आहे? मला वाटलं कोणी खडू ठेवलाय. उचल ना मग. कोणाची आहे?"

"आपली!"

"तुझी?"

"अहो, आपला हत्ती आहे तो!"

खुलासा करणं भाग होतं. मागच्या वर्षी एका पेशंटने पांढरा हत्ती खिशात घालून नेला. भूल फक्त जबड्याला दिली होती, तरी आपल्याला काही आठवत नाही, हे त्याचं म्हणणं तो आजही सोडत नव्हता. डॉक्टरांनी त्या जागी प्लॅस्टरची एक दाढ ठेवली. वर चार उंचवटे, खाली दोन मुळं, बुरुजासारखी ठाम उभी राहायची. जुन्या पेशंटना तिची इतकी सवय झाली होती की घरच्या पटावर हत्ती बघून त्यांना चुकल्यासारखं वाटे. प्रोग्रॅमला मात्र कोणी दाढ शिकवली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही, आणि सभ्य माणसाप्रमाणे तो न बघितल्यासारखं करून पुढे गेला.

"म्हणजे ई-एकवर पांढरा हत्ती," नणंद म्हणाली. मग तिचा आवाजच बदलला. "थांब. थांब हं. ई-दोनपासून ई-आठपर्यंत मध्ये कोणी आहे?"

वहिनींनी बोट सरळ वर नेलं. "कोणी नाही. मोकळा रस्ता."

"आणि ए-चारच्या वजिराला तिरपं ई-आठपर्यंत जाता येतं? बी-पाच, सी-सहा, डी-सात रिकामी आहेत?"

"आहेत."

"अगं बाई!" नणंदेने फोनवरच टाळी वाजवली, मोबाइल पडल्याचा आवाज आला, मग ती परत आली. "प्याद्याला हात लावू देऊ नकोस कोणाला! वजीर ई-आठ, शह! त्याच्या राजाला जागाच नाही, पुढे स्वतःचीच तीन प्यादी. मध्ये घालायलाही कोणी नाही. त्याला हत्तीने आपला वजीर मारावाच लागणार, दुसरी चालच नाही. आणि मग तुमची दाढ सरळ वर, तो हत्ती खाऊन ई-आठ. मात!"

"आणि आधी प्यादं सरकवलं असतं तर?"

"त्याने त्याचं प्यादं सरकवून स्वतःच्या राजाला खिडकी केली असती. मग बसा गाणी ऐकत."

वहिनींनी एवढंच विचारलं, "वजीर फुकट द्यायचा ना? नक्की?"

"फुकट नाही गं, हुंडा समज," नणंद म्हणाली. "पण दोन चाली आहेत हं. म्हणजे दोन पेशंट."

पहिला पेशंट सोपा होता. कंडक्टरांना चाल सांगितल्यावर त्यांनी काहीही विचारलं नाही. वजीर उचलला, तिरपा नेला, काळ्या हत्तीच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "शेवटचा स्टॉप. उतरा."

डॉक्टर गुणगुणत बाहेर आले. पटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या वाढप्यासारखा खुलला. "काका! वजीर? मला? अहो, एवढं प्रेम?" त्यांनी हत्तीने वजीर उचलला, त्याला रुमालात गुंडाळल्यासारखं केलं आणि कंडक्टरांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत नेलं. आतून आलेली तान नेहमीपेक्षा चढी होती. आनंदात ते वरच्या पट्टीत जात.

आता दुसरा पेशंट. वहिनींनी अपॉइंटमेंटचं पान पाहिलं. मुख्याध्यापिका.

बाई आल्या. पहिल्यांदाच येत होत्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ, गालाला किंचित सूज. ती सूजही शिस्तीत होती. वहिनींनी पटाची प्रथा समजावून सांगितली. बाईंनी मान डोलावली. पट त्यांनी लहानपणी थोडा खेळला होता, म्हणाल्या.

"तर आत्ताची चाल," वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही अशी करा की—"

"सांगू नका."

"नाही, म्हणजे सल्ला घेतलेला चालतो. डॉक्टरच म्हणतात."

"त्यांना चालत असेल. मला चालत नाही. पंचवीस वर्षं मी मुलांच्या बाकांमधून फिरलेय. आज मी दुसऱ्याचं उत्तर लिहिणार नाही."

"हे उत्तर नाही हो, नुसतं एक—"

"खुणाही करू नका."

मात समोर, हाताच्या अंतरावर होती. आणि मध्ये एक प्रामाणिक बाई. जगात कॉपी करणारी इतकी माणसं असताना नेमकी ही दाढ दुखायची होती! त्यांनी मोबाइलवर नणंदेला लिहिलं, "बाई ऐकत नाहीत." उत्तर आलं, "देव पाण्यात घाल."

बाई पट न्याहाळत होत्या. न्याहाळता न्याहाळता त्यांच्या कपाळावर आठी पडली. प्रार्थनेच्या रांगेत एखाद्याच्या शर्टाचं बटण उघडं दिसावं तशी. त्यांचा हात पुढे गेला. राजाकडे नाही, प्याद्याकडे नाही. त्यांनी चिमटीत दाढ धरून उचलली.

"ही कोणी टाकली इथे? सोंगट्यांमध्ये दात? शी!" आणि त्या डावीउजवीकडे कचऱ्याचा डबा शोधू लागल्या.

वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पण बोलायलाच बंदी होती. डबा काउंटरच्या अलीकडे होता, आणि बाईंना तो दिसला. त्या उठल्या. वहिनी मनात म्हणाल्या, संपलं, बोलावा इलेक्ट्रिशियनला.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर कंडक्टरांना सोडायला बाहेर आले होते. त्यांची नजर पटावर गेलीच नाही. ती गेली थेट बाईंच्या चिमटीवर. आयुष्यभराचं प्रेम असं लगेच ओळखतं.

"आहा!" डॉक्टरांनी बोट उगारलं. "हात लावला! हात लावला की चालवायची!"

"काय चालवायची? हा दात आहे."

"बाई, तो हत्ती आहे. तुमचा. आणि आता तोच चालवावा लागेल. इथे कोणाची गय होत नाही."

"नियम आहे का तसा?"

"भिंतीवर लावलाय. वाचा!"

बाईंनी भिंतीवरचा कागद वाचला. नियम होता. नियम असेल तर प्रश्नच नव्हता. त्या परत बसल्या. दाढ जिथून उचलली होती त्याच घरात आधी नीट ठेवली, मग विचारलं, "हत्ती कसा चालतो ते फक्त सांगा. चाल सांगू नका."

"सरळ," डॉक्टर उदारपणे म्हणाले. "पुढे, मागे, आडवा. वाटेत कोणी नसेल तर कितीही. समोर आमचा कोणी आला तर खायचा."

बाईंनी दाढेसमोरची घरं पाहिली. एक, दोन, तीन, सगळी मोकळी. मोकळी जागा पाहून अर्ध्यात थांबणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी दाढ सरळ पुढे नेली, नेली, नेली, पार टोकाला, आणि तिथल्या काळ्या हत्तीला बाजूला करून त्याच्या जागी उभी केली.

"अशी?"

डॉक्टर हसत पटाकडे वळले. हसू होतं तिथेच राहिलं. बाकीचा चेहरा त्याच्यामागून हळूहळू निघून गेला. त्यांनी राजाकडे बघितलं. एफ-आठवर दाढेचा मारा. एच-आठवरही. पुढे आपलीच तीन प्यादी, गुणी मुलांसारखी एका ओळीत. वजीर पार दुसऱ्या टोकाला, पोटभर खाऊन बसलेला.

"वहिनी," ते बारीक आवाजात म्हणाले, "ही मात आहे का हो?"

"मला काय कळतंय, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "मी आपली काउंटरवर असते."

"मातच आहे," कंडक्टर म्हणाले. कवळी दुरुस्तीसाठी आतच राहिल्याने ते "मावच आवे" असं ऐकू आलं, पण कोणाचाही गोंधळ झाला नाही.

डॉक्टर मनाने मोठे होते. त्यांनी स्वतःच्या हाताने राजा आडवा केला, बाईंशी हस्तांदोलन केलं, "दिला शब्द पाळणार" म्हणाले आणि त्यांना घेऊन आत गेले. जाड दार बंद झालं. वहिनींनी नणंदेला एकच शब्द पाठवला. तिकडून नाचणाऱ्या बायकांची अख्खी रांग आली.

मग ड्रिल सुरू झालं. नुसतं ड्रिल.

वहिनी खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले. अशी शांतता त्यांनी या खोलीत कधीच अनुभवली नव्हती. थोडा वेळ बरं वाटलं. मग त्या शांततेतलं ड्रिल नीट ऐकू येऊ लागलं. ते कुठे टेकतंय, कुठे शिरतंय, कुठे जरा अडतंय, सगळं खुलासेवार. इतक्या वर्षांत या आवाजाचे इतके बारकावे असतात हे कोणाला कळलंच नव्हतं. गाण्याच्या ओरडण्यात ते बुडून जात असत. सोफ्यावर नुकतेच आलेले दोघे एकमेकांकडे बघू लागले. त्यातल्या एकाला गॅस बंद केला की नाही ते आठवेना, आणि तो उठून गेला.

आतून एक नवा आवाज आला. बारीक, नाकातून, थरथरता. गाणंच होतं, पण डॉक्टरांचं नव्हतं. तोंडभर कापूस असताना मुख्याध्यापिका जिवाच्या आकांताने गुणगुणत होत्या.

ड्रिल थांबलं. दार किलकिलं झालं आणि डॉक्टरांचं डोकं बाहेर आलं. मास्कवरचे डोळे फार केविलवाणे होते.

"वहिनी, मी नाही गात हं. त्या गातायत."

"ऐकतेय."

"पैजेत पेशंटचं काही ठरलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

डॉक्टर जरा घुटमळले. "त्या फार एकट्या पडल्यात. मी... नुसता ठेका धरू का? तोंडाने नाही. पायाने."

वहिनींनी सोफ्यावर उरलेल्या माणसाकडे पाहिलं. तो दोन्ही हात जोडून त्यांच्याकडेच बघत होता.

"पायाने धरा," वहिनी म्हणाल्या.

दार लागलं. ड्रिल पुन्हा सुरू झालं, गुणगुणणं सुरू झालं, आणि थोड्या वेळाने फरशीवर डॉक्टरांच्या चपलेचा ठेका पडू लागला. पाय मात्र त्यांचा चांगलाच तालात होता.